नऊशे उत्तरांची लिंक आणि दीडशे फ्लॅटची सोडत : प्रकल्प नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या गृहसंकुलात एकूण १,९४६ फ्लॅट असून त्यांपैकी १,८०० मध्ये सध्या माणसे राहतात. टँकरचे बिल आजवर सर्व फ्लॅटना सारखे वाटले जाते आणि दर उन्हाळ्यात त्यावरून वाद होतो. फ्लॅटनिहाय मीटर बसवून वापराप्रमाणे आकारणी करावी का, असा प्रश्न कमिटीने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून विचारला होता. लिंक बंद झाली तेव्हा १,०१२ नोंदी जमल्या होत्या. काही घरांतून नवरा-बायको दोघांनीही फॉर्म भरला होता, काहींनी दोनदा भरला होता आणि काही फ्लॅट क्रमांक तर आमच्या संकुलात अस्तित्वातच नाहीत. हे सारे निस्तरून, एका फ्लॅटची शेवटची नोंद तेवढी ग्राह्य धरली, तेव्हा बरोबर ९०० फ्लॅट उरले. त्यांतील ६५७ जणांनी, म्हणजे ७३ टक्क्यांनी, ‘मीटर हवेत’ असे उत्तर दिले आहे.

‘७३ टक्के रहिवाशांचा पाठिंबा’ या शब्दांत हा ठराव सर्वसाधारण सभेपुढे नेण्याचा चेअरमन साहेबांचा विचार आहे. आकडा तपासून द्यावा, असे त्यांनी मला सांगितले आणि वर विचारले, “अहो, निम्मी सोसायटी बोलली आहे. आणखी काय हवे?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर कागदावर मांडून पाहिले. लिंकवरून आपल्याला खात्रीने एवढेच कळते की १,८०० पैकी किमान ६५७ फ्लॅटना मीटर हवेत. उरलेल्या ९०० फ्लॅटबद्दल लिंक काहीही सांगत नाही. ते सगळे विरोधात असतील तर पाठिंबा ३६.५ टक्के ठरतो आणि सगळे बाजूने असतील तर ८६.५ टक्के. या दोन टोकांमध्ये खरा आकडा कुठे आहे, हे फक्त एका गृहीतकावर ठरते, ते म्हणजे न बोललेले लोक बोललेल्यांसारखेच आहेत. हे गृहीतक तपासण्याजोगे काहीही लिंकच्या नोंदींत नाही, आणि नोंदी नऊशेऐवजी नऊ हजार असत्या तरी नसते.

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसच्या नोंदवहीतून एक गोष्ट मात्र पक्की कळते. पोलीस पडताळणीच्या निमित्ताने भाडेकरूंची यादी अद्ययावत ठेवलेली असते आणि तीनुसार १,८०० पैकी ७२० फ्लॅटमध्ये, म्हणजे ४० टक्के फ्लॅटमध्ये, भाडेकरू राहतात. लिंकवरच्या ९०० मध्ये भाडेकरू फक्त १६२ आहेत, म्हणजे १८ टक्के. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. लिंक ज्या ग्रुपवर पडली त्यांतील मोठे ग्रुप फक्त मालकांचे आहेत. भाडेकरूंपर्यंत ती पोचली ती कोणी पुढे पाठवली तर.

ज्याचे खरे उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न मतचाचणीच्या उत्तरांवर लावून पाहणे, ही अशा कामातील सर्वांत स्वस्त तपासणी आहे. नोंदवही ४० म्हणते आणि लिंक १८ म्हणते, त्यावरून फॉर्म कोणी भरला यात कल आहे हे सिद्ध होते. त्या कलाचा मीटरच्या प्रश्नावर किती परिणाम झाला, हे मात्र त्यावरून कळत नाही.

सेक्रेटरींनी सुचवले की मग भाडेकरूंच्या उत्तरांना जास्त वजन देऊन आकडा दुरुस्त करावा. ही सांख्यिकीतील रूढ पद्धत आहे, म्हणून ती करून पाहिली. लिंकवर ७३८ मालकांपैकी ५६६ जणांनी (७६.७ टक्के) आणि १६२ भाडेकरूंपैकी ९१ जणांनी (५६.२ टक्के) होकार दिला आहे. मालकांना ६० आणि भाडेकरूंना ४० टक्के वजन दिले की एकूण होकार ६८.५ टक्के होतो. आकडा साडेचार टक्क्यांनी उतरला. या दुरुस्तीमागे असे गृहीत आहे की फॉर्म भरणारा भाडेकरू न भरणाऱ्या भाडेकरूसारखा आणि फॉर्म भरणारा मालक न भरणाऱ्या मालकासारखा असतो. तसे नसेल तर या दुरुस्तीने समाधान मिळते, उत्तर मिळत नाही. म्हणून सोडत काढून दारोदार विचारायचे ठरवले.

२२ मार्च, शनिवार

नमुना १५० फ्लॅटचा घेऊ, असे कमिटीपुढे मांडले. खोलीत हशा पिकला. नऊशे उत्तरे हाताशी असताना दीडशेने काय होणार, असे बहुतेकांचे म्हणणे होते. एकाने सुचवले की गेटजवळच्या दोन विंगमध्ये फिरलात तर संध्याकाळभरात काम उरकेल. त्या विंगमध्ये लहान फ्लॅट जास्त आहेत आणि म्हणून भाडेकरूही जास्त आहेत, त्यामुळे तसे केले असते तर एका कलाच्या जागी दुसरा कल आला असता.

कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक काका कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, “पीककापणीचा प्रयोग करताना चौकोन शेतात कुठे आखायचा, हे आम्ही ना शेतकऱ्याला ठरवू द्यायचो, ना स्वतः ठरवायचो. शेतात उभा राहिलेला माणूस नकळत डोळ्यांत भरणाऱ्या पिकाकडेच जातो. म्हणून यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून अंक काढायचे, तेवढी पावले मोजायची आणि तिथे जे उगवले असेल ते कापायचे, मग ते वाळलेले का असेना.” त्यानंतर मला फारसे बोलावे लागले नाही. पीककापणीत ही शिस्त रुजवण्याचे काम १९४०च्या दशकात ज्यांनी केले, त्यांत पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ प्रमुख होते.

सोडत कमिटीसमोरच काढली. चौघांनी चिठ्ठीवर प्रत्येकी एक अंक लिहिला, चिठ्ठ्या उघडल्या आणि ४१७२ ही संख्या तयार झाली. तोच बीजांक देऊन लॅपटॉपवर निवड केली, म्हणजे पुढे कोणालाही तीच यादी पुन्हा काढून पडताळता येईल.

```python
import random
random.seed(4172)
flats = [s.strip() for s in open("flats.txt")]
print(sorted(random.sample(flats, 150)))
```

`flats.txt` मध्ये राहते १,८०० फ्लॅट आहेत, एका ओळीत एक. जोडून एक केलेले फ्लॅट एकदाच धरले आहेत, नाहीतर त्या घरांना दुप्पट संधी मिळाली असती. या यादीतील प्रत्येक घराला निवडले जाण्याची संधी सारखीच आहे, म्हणजे १२ मध्ये एक, आणि त्या घराला पाण्याबद्दल काय वाटते याचा त्या संधीशी काडीचाही संबंध नाही. सोडतीचे सारे बळ एवढ्यातच आहे.

२३ मार्च, रविवार

दोन कॉलेजातील मुले आणि मी असे तिघे फिरायला निघालो. प्रश्न लिंकवर होता तोच, शब्दही न बदलता वाचायचा. ‘हवेत’, ‘नकोत’ आणि ‘सांगता येत नाही’ अशी तीन उत्तरे होती. लिंकवर होते त्याप्रमाणेच होकार तेवढा होकार धरायचा.

मुलांना एक नियम पुन्हा पुन्हा सांगावा लागला. दार बंद असेल तर शेजारच्या फ्लॅटमध्ये विचारायचे नाही, परत यायचे. शेजारी घरी सापडतो याचाच अर्थ तो वेगळ्या प्रकारचा माणूस आहे. एका संध्याकाळी सहा वाजता जे घरी असतात त्यांत निवृत्त माणसे आणि लहान मुलांच्या आया जास्त असतात, तर हिंजवडीहून साडेआठला परतणारी जोडपी त्यांत जवळजवळ नसतात. बंद दारांच्या जागी उघडी दारे भरत गेलो तर सोडत कागदावर राहील आणि निवड पुन्हा सोयीची होईल. म्हणून प्रत्येक बंद दारासाठी वेळ बदलून फेऱ्या ठेवल्या आहेत : एक रविवारी सकाळी, एक रात्री साडेआठनंतर आणि तरीही भेट झाली नाही तर नोंदवहीतील नंबरवर फोन.

पुढचा रविवार पाडव्याचा आहे. सणाला गावी जाणारी घरे त्या दिवशी हमखास बंद असणार, म्हणून तो दिवस कामातून वगळला.

५ एप्रिल, शनिवार

फेऱ्या संपल्या. १५० पैकी १३८ फ्लॅटची उत्तरे मिळाली. सात जणांनी नकार दिला आणि पाच फ्लॅट शेवटपर्यंत भेटले नाहीत. ६६ जणांना मीटर हवेत, म्हणजे ४७.८ टक्के जणांना.

आधी नोंदवहीशी ताडून पाहिले. १३८ मध्ये भाडेकरू ५३ निघाले, म्हणजे ३८.४ टक्के. प्रत्यक्षात ते ४० आहेत. आम्ही भाडेकरू मोजून घेतले नव्हते, सोडतीत ते आपोआप आपल्या प्रमाणात आले.

१३८ च्या यादृच्छिक नमुन्याची चूक ९५ टक्के वेळा साधारण ८ टक्क्यांच्या आत राहते, म्हणजे सोसायटीतील खरा पाठिंबा ४० ते ५६ टक्क्यांच्या दरम्यान मानायला हरकत नाही. पट्टा रुंद आहे हे कबूल, पण त्याची रुंदी किती हे आपल्याला माहीत आहे. पाठिंबा खरोखर ७३ टक्के असता तर १३८ घरांत सुमारे १०१ होकार अपेक्षित होते आणि योगायोगाने खालीवर झाले तरी ९१ ते १११ च्या आसपास. ६६ हा आकडा त्यात कुठेच बसत नाही.

न मिळालेल्या १२ फ्लॅटची शंका घेतलीच पाहिजे, कारण नकार देणारे आणि न भेटणारे म्हणजे उलट बाजूने झालेली स्वयंनिवडच, म्हणजे नमुन्यात असावे की नसावे हे लोकांनी स्वतःच ठरवणे असते. लिंकला लावली तीच कठोर परीक्षा इथेही लावली. ते बाराही जण होकाराचे असते तर १५० मध्ये ७८, म्हणजे ५२ टक्के, आणि सगळे नकाराचे असते तर ४४ टक्के. लिंकच्या बाबतीत हीच दोन टोके ३६.५ आणि ८६.५ होती. १५० पैकी फक्त ६० जणांनी दार उघडले असते तर मात्र आमचा नमुनाही लिंकइतकाच कुचकामी ठरला असता. नमुना लहान असणे चालते, पण तो अर्धवट सोडून चालत नाही.

६ एप्रिल, रविवार

आज जे कोष्टक तयार झाले ते या सर्व कामाचे सार आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लिंकवरच्या नोंदींत फ्लॅट क्रमांक असल्यामुळे आमच्या १३८ पैकी फॉर्म कोणी भरला होता आणि कोणी नाही, हे वेगळे करता आले. ७१ जणांनी भरला होता, ६७ जणांनी नाही.

फॉर्म भरलेल्या ७१ पैकी ५२ जणांनी दारात होकार दिला, म्हणजे ७३ टक्के जणांनी. लिंकचा आकडाही तोच होता. फॉर्म न भरलेल्या ६७ पैकी होकार देणारे फक्त १४, म्हणजे २१ टक्के.

यातून दोन शंका एकदम मिटतात. समोरासमोर विचारल्यामुळे लोकांनी उत्तर बदलले असेल, असे कोणी म्हणेल. पण त्या ७१ जणांनी लिंकवर दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा फक्त तिघांची बदललेली दिसली, दोघे हो वरून नाही कडे गेले आणि एक नाही वरून हो कडे. लिंकवर कोणी खोटे लिहिले असेल, ही शंकाही उरत नाही. फॉर्म भरणाऱ्यांचे मत लिंकने अगदी अचूक सांगितले होते, मात्र आम्ही ते सगळ्यांचे समजत होतो.

न भरणाऱ्यांना कारणही विचारले होते. काहींना लिंक मिळालीच नव्हती. माणसे जास्त असलेल्या घरांना मीटर आला की बिल वाढणार हे पुरते ठाऊक होते, पण “सध्या चाललंय ते चालू द्या म्हणणाऱ्यांनी फॉर्म कशाला भरायचा?” असे एका आजींनी मलाच विचारले. त्यांच्या मते फॉर्म न भरणे हाच नकार होता. उलट दोनच माणसांची घरे, ज्यांना दर महिन्याला दुसऱ्याच्या पाण्याचे पैसे भरावे लागतात असे वाटते, त्यांनी लिंक आली त्याच रात्री फॉर्म भरून टाकला होता. बदल हवा असणारा माणूस तिथे धावत येतो आणि आहे ते पुरे असणारा येत नाही. हे मालकांतही घडले आणि भाडेकरूंतही, म्हणून सेक्रेटरींची वजनाची दुरुस्ती ६८.५ वरच अडली. सोडतीतील ८५ मालकांपैकी होकार ४४ जणांचा, म्हणजे ५२ टक्के. लिंकवरच्या मालकांत तोच ७७ टक्के होता. मालक तेच, संकुल तेच, फरक फक्त फॉर्म भरण्याच्या इच्छेचा.

१२ एप्रिल, शनिवार

चेअरमन साहेबांना नऊशे उत्तरांची नेमकी किंमत हवी होती. हार्वर्ड विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये मांडलेले समीकरण इथे थेट लागू पडते. त्यानुसार सरासरीतील चूक म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार : उत्तर देणे आणि उत्तर काय आहे यांतील सहसंबंध, न बोललेल्यांच्या संख्येला बोललेल्यांच्या संख्येने भागून त्याचे वर्गमूळ, आणि मतांचे प्रमाणित विचलन, म्हणजे मते किती विखुरलेली आहेत याचे माप. आमच्याकडे ९०० बोलले, ९०० बोलले नाहीत, म्हणून वर्गमूळ १. हो-नाही प्रश्नात मते निम्मी-निम्मी असतील तर विचलन ०.५. खरा पाठिंबा ४८ टक्के धरला तर लिंकच्या ७३ टक्क्यांतील चूक २५ टक्क्यांची, म्हणजे ०.२५, म्हणून सहसंबंध ०.५ निघतो.

सोडतीत हा सहसंबंध शून्याभोवती राहतो, कारण निवड कोणाच्या इच्छेवर नसते. म्हणून तिथे नमुना वाढवला की चूक खरोखर घटते. आता उलट विचारू : सोडतीने किती फ्लॅट घेतले असते तर सरासरी एवढीच मोठी चूक झाली असती? उत्तर आहे चार. नऊशे उत्तरांची लिंक सोडतीतील चार फ्लॅटच्या बरोबरीची निघाली. चेअरमन साहेबांनी हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मग चहा मागवला.

०.५ हा सहसंबंध फार मोठा आहे, लहान वस्तीत आणि पेटलेल्या प्रश्नात तो तसा असू शकतो. शहराच्या पातळीवर तो नगण्य दिसतो, तरी धोका कमी होत नाही. समजा ३० लाख प्रौढांच्या शहरात एका ऑनलाइन कौलाला ३० हजार उत्तरे आली आणि सहसंबंध अवघा ०.००५ आहे. न बोललेले बोललेल्यांच्या ९९ पट आहेत, म्हणून वर्गमूळ जवळपास १० येते आणि चूक अडीच टक्क्यांची होते. ३० हजारांचा नमुना यादृच्छिक मानून जो नेहमीचा हिशेब करतात, तो मात्र चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास दाखवील. या ३० हजारांची खरी किंमत सोडतीने निवडलेल्या ४०० माणसांइतकी. अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीबद्दल मेंग यांनी काढलेला निष्कर्ष याच मापाचा होता : मतदारांच्या एक टक्का, म्हणजे सुमारे २३ लाख उत्तरे, आणि किंमत ४०० जणांच्या यादृच्छिक नमुन्याएवढी. २०२१ च्या वसंतात तिथेच लसीकरणाबाबत आठवड्याला अडीच लाख उत्तरे गोळा करणारी फेसबुकवरची पाहणी लस घेतलेल्यांचा आकडा १७ टक्क्यांनी फुगवून दाखवत होती, तर सुमारे हजार जणांची, काळजीपूर्वक निवडलेली पाहणी खऱ्या आकड्याच्या जवळ होती.

लिंकवरच्या आकड्याशेजारी ‘अधिक-उणे ३ टक्के’ असे लिहायची एका सदस्याची सूचना मी त्यासाठीच स्वीकारली नाही. त्रुटीची ती मर्यादा सोडतीतून जन्मते. जिथे सोडत नाही तिथे ती लिहिणे म्हणजे नसलेल्या गोष्टीचे प्रमाणपत्र देणे होय.

२० एप्रिल, रविवार

कमिटीसमोर शेवटची चर्चा झाली. एक सूचना अशी होती की लिंक पुन्हा उघडावी आणि उरलेल्यांना आठवण करावी. आठवणीमुळे आणखी ३०० नोंदी येतील, पण त्या पहिल्या ९०० सारख्याच उत्साही घरांतून आल्या तर होकाराचे प्रमाण आहे तिथेच राहील आणि चेअरमन साहेबांचा त्यावरचा विश्वास मात्र वाढेल. सूचना मागे पडली.

आमचा नमुना काय सांगत नाही, तेही इतिवृत्तात नोंदवून घेतले. ४० ते ५६ या पट्ट्यावरून बहुमत आहे की नाही हे ठरत नाही. तसेच सभेत मत फक्त सभासदांना आहे. फ्लॅट भाड्याने देऊन इतरत्र राहणारे ७२० मालक आमच्या यादीतच नव्हते, कारण आम्ही राहणाऱ्यांना विचारले. त्यांचे मत समजून घ्यायचे असेल तर त्यांच्यासाठी नोंदवहीतून वेगळी सोडत काढून फोनवर विचारावे लागेल.

राहणाऱ्यांचे मत ३ टक्क्यांच्या आत हवे असेल तर १,८०० च्या संकुलात सुमारे ६७० उत्तरे लागतील. हीच अचूकता सबंध पुणे शहरासाठी हवी असती तर सुमारे १,०७० उत्तरे पुरली असती. लाखोंच्या शहराला १,०७० आणि आमच्या चार रस्त्यांना ६७०, हे ऐकून सेक्रेटरींनी आकडे दोनदा विचारून घेतले. नमुन्याची ताकद मुख्यतः त्याच्या स्वतःच्या आकारावर ठरते. मूळ लोकसंख्या फार लहान असेल तेव्हाच तिच्यामुळे थोडी सूट मिळते, आणि ती आम्हाला मिळाली आहे.

आमच्याकडे १०० पैकी ९२ घरांनी उत्तरे दिली, त्या हिशेबाने ६७० उत्तरांसाठी सुमारे ७३० घरे निवडावी लागतील. १५० झालीच आहेत, म्हणून उरलेल्या १,६५० मधून आणखी ५८० ची सोडत. बीजांकासाठी चिठ्ठ्या या वेळी भाडेकरूंपैकी चौघांकडून घ्यायच्या ठरल्या. मे महिन्यात निम्मी घरे गावी असतात, म्हणून फेऱ्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू झाल्यावर करायच्या. तोवर सूचनाफलकावरचा ७३ टक्क्यांचा कागद काढून त्या जागी ‘फॉर्म भरलेल्या ९०० फ्लॅटपैकी ६५७’ एवढाच मजकूर लावला आहे.